कर्ज नाकारल्याच्या मेसेजमधले दोन शब्द : क्रेडिट स्कोअर आणि क्रेडिट युटिलायझेशन

गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकांना गेलो की कुणीतरी ताई मोबाईल पुढे करते आणि म्हणते, "हा मेसेज वाचा बरं, यात काय लिहिलंय?" मेसेज इंग्रजीत असतो. बँकेचा किंवा एखाद्या फायनान्स कंपनीचा असतो. त्यात लिहिलेलं असतं की तुमचा कर्जाचा अर्ज मंजूर करता येत नाही, कारण लो क्रेडिट स्कोअर आणि हाय क्रेडिट युटिलायझेशन. मेसेज एवढाच. पुढे काही समजावून सांगितलेलं नसतं.

त्यात एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. "मी एकही हप्ता चुकवला नाही. एक दिवसही उशीर केला नाही. तरी माझा स्कोअर कमी कसा?" प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दुसऱ्या शब्दात असतं, युटिलायझेशनमध्ये. म्हणून आज पहिला शब्द थोडक्यात आणि दुसरा सविस्तर, असं बोलू या.

आधी स्कोअर म्हणजे काय ते पाहू. गावातल्या किराणा दुकानदाराकडे एक वही असते. कोण उधार नेतं, कोण वेळेवर देतं, कोणाकडून तीनदा मागावं लागतं, हे त्या वहीत असतं. नवीन उधारी देण्याआधी दुकानदार ती वही उघडतो. बँकांसाठीही अशा वह्या ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या देशात त्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ साली यासाठी कायदा झाला आणि रिझर्व्ह बँक या कंपन्यांवर देखरेख करते. लोक सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतात, पण सिबिल ही चारपैकी एक.

बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले हे सगळे आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवतात. कोणतं कर्ज, किती रकमेचं, किती बाकी, हप्ता वेळेवर आला की उशिरा. या माहितीवरून एक आकडा काढला जातो, तो म्हणजे क्रेडिट स्कोअर. तो ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. जितका जास्त तितका चांगला. साधारण ७५० च्या पुढे गेला की चांगला समजतात, पण प्रत्येक बँकेची स्वतःची रेषा वेगळी असते. ज्या बाईने कधी कर्जच घेतलं नाही, तिच्याबद्दल वहीत काही लिहिलेलं नसतं. तिच्या स्कोअरच्या जागी उणे एक किंवा इंग्रजी 'एन एच' अशी अक्षरं दिसतात. याचा अर्थ स्कोअर वाईट आहे असा नाही. याचा अर्थ, अजून नोंद नाही.

दोन गोष्टी इथेच लक्षात घ्या. पहिली, ही वही ठेवणारी कंपनी तुमचं कर्ज नाकारत नाही. ती फक्त वही दाखवते. नाही म्हणते ती बँक. दुसरी, या वहीत फक्त उधारीचीच नोंद असते. तुमच्या बचत खात्यात किती शिल्लक आहे, गटात किती बचत आहे, मुदत ठेव किती, अंगावर सोनं किती, यातलं काही स्कोअर काढताना धरत नाहीत. म्हणून एखाद्या ताईकडे एक लाखाची ठेव असून तिचा स्कोअर कमी असू शकतो, आणि जिच्याकडे काहीच शिल्लक नाही तिचा चांगला असू शकतो.

आता दुसरा शब्द. क्रेडिट युटिलायझेशन म्हणजे, तुम्हाला जेवढ्या उधारीची मर्यादा दिली आहे, तिच्यातली किती तुम्ही वापरून बसला आहात. हे टक्क्यांत सांगतात. क्रेडिट कार्डाची मर्यादा २०,००० रुपये आणि बाकी ५,००० रुपये, तर वापर २५ टक्के. बाकी १७,००० रुपये असेल तर वापर ८५ टक्के.

हा हिशोब कोणत्या उधारीला लागू होतो ते नीट समजून घ्या, कारण इथे बराच गोंधळ होतो. ज्या उधारीला मर्यादा असते, ज्यातून पैसे घ्यायचे, भरायचे, परत घ्यायचे असं चक्र चालतं, तिलाच हा हिशोब लागतो. म्हणजे मुख्यतः क्रेडिट कार्ड. गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचं कर्ज, गाडीचं कर्ज यांना ठरलेले हप्ते असतात. त्यात 'वापर' असं काही नसतं. त्यांचा हप्ता वेळेवर जातो की नाही हे वहीत दिसतं, पण युटिलायझेशनमध्ये ती कर्जं धरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, "आम्हा खेड्यातल्या बायकांकडे कुठलं आलंय क्रेडिट कार्ड?" मैत्रिणींनो, आता आहे. मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. बँकेचा माणूस येऊन देऊन जातो. आणि रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. म्हणजे कार्ड घरातल्या डब्यात असलं तरी दुकानातला कोड मोबाईलने स्कॅन केला की खर्च कार्डावर पडतो. बचत खात्यातून पैसे गेले की क्रेडिट कार्डावर उधारी चढली, हे पटकन कळतही नाही, कारण स्कॅन करायची पद्धत सारखीच. एकदा तुमच्या मोबाईलमध्ये बघून घ्या. पैसे देताना खाली कोणतं खातं दिसतं? बचत खातं, की क्रेडिट कार्ड?

आता एक उदाहरण घेऊ, आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत करू. समजा एक ताई शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. तिच्याकडे रुपे क्रेडिट कार्ड आहे, मर्यादा २०,००० रुपये. अस्तर, कापड, धागे, हुक, लेस हे सगळं ती तालुक्याच्या दुकानातून आणते आणि मोबाईलने स्कॅन करून कार्डावर घेते. महिन्याला साधारण १७,००० रुपयांचा माल होतो. कार्डाचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होतं. पैसे भरायची शेवटची तारीख २५. ताई २० तारखेलाच सगळे १७,००० भरून टाकते. कधी उशीर नाही, एक रुपया व्याज नाही.

ताईला पिको-फॉल आणि इंटरलॉकचं मशीन घ्यायचं आहे. ६०,००० रुपयांसाठी तिने अर्ज केला. आणि मेसेज आला : स्कोअर कमी, युटिलायझेशन जास्त.

इथे कुठे बिघडलं? ताईने पैसे भरले हे खरं. वहीतही ते दिसतं. पण बँक जेव्हा वहीवाल्या कंपनीला माहिती कळवते, तेव्हा त्या दिवशी किती बाकी होती तो आकडा जातो. तो एक फोटो असतो असं समजा. फोटो काढला त्या क्षणी तुम्ही जशा उभ्या होता तशाच दिसणार. नंतर केस विंचरले तरी फोटोत ते दिसत नाही. ५ तारखेला बिल झालं तेव्हा बाकी १७,०००. २० तारखेपर्यंत ती तशीच, वर नवीन माल. म्हणजे ५ पासून २० पर्यंत कधीही फोटो काढला तरी वापर ८५ टक्क्यांच्या वरच दिसतो. २० तारखेला बाकी खाली येते, पण लगेच पुढच्या महिन्याचा माल चढायला लागतो. ताईला वाटतं, मी दर महिन्याला सगळं फेडते. वहीत दिसतं, ही बाई कायम मर्यादेच्या टोकाला असते.

बँकेला त्याची भीती का वाटते? जो माणूस मर्यादेच्या काठावर आहे, त्याच्याकडे अडचणीच्या वेळी वापरायला काही उरलेलं नाही. घरात आजारपण आलं, पाऊस लांबला, गिऱ्हाइकाने पैसे थकवले, तर पहिला हप्ता चुकेल तो याचाच, असा त्यांचा हिशोब. त्यांना हे दिसत नाही की ताईच्या कार्डावरचा खर्च हा धंद्याचा माल आहे आणि पंधरा दिवसांत त्याचे ब्लाउज होऊन पैसे येतात. आकड्याला माल आणि चैन यातला फरक कळत नाही.

म्हणून मेसेजमधली ती दोन कारणं दोन वेगळी नसतात. युटिलायझेशन जास्त हे कारण, आणि स्कोअर कमी हा त्याचा परिणाम. ताईसारखीचं पहिलं दुरुस्त झालं की दुसरं बऱ्याच अंशी आपोआप सुधारतं.

आता उपाय. ताईने खरेदी कमी करावी असं आम्ही म्हणत नाही. माल आणला नाही तर धंदा कसा चालणार? फक्त भरण्याची वेळ बदलायची. महिन्याला १७,००० म्हणजे आठवड्याला साधारण ४,००० ते ४,५०० चा माल. गिऱ्हाइकाचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी येतात. तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात जेवढा माल घेतला तेवढे कार्डावर भरून टाकायचे. बिल येण्याची वाट पाहायची नाही. बिलाआधीही कार्डावर पैसे भरता येतात, कितीही वेळा, मोबाईलवरूनच.

असं केलं तर काय होतं? कोणत्याही दिवशी बाकी ४,५०० च्या आसपास राहते. भरलेले पैसे जमा दिसायला कधी एक-दोन दिवस लागतात, तो काळ धरला तरी ५,५०० च्या वर सहसा जात नाही. २०,००० च्या मर्यादेत ५,५०० म्हणजे साडेसत्तावीस टक्के. खरेदी तीच, भरणाही तेवढाच, पण फोटो कोणत्याही दिवशी काढला तरी वापर ८५ ऐवजी २७ टक्के. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं जाणकार सांगतात. तो काही कायदा नाही, २९ ला पास आणि ३१ ला नापास असं नसतं. पण डोळ्यासमोर ठेवायला आकडा बरा आहे. तुमच्यासाठी सोपी रीत अशी : कार्डाच्या मर्यादेचे तीन भाग करा, आणि बाकी एका भागाच्या आत ठेवा. मर्यादा १५,००० असेल तर ५,००० च्या आत. ३०,००० असेल तर १०,००० च्या आत.

याला एक अपवाद आहे, तोही सांगतो. लग्नसराईत एकाच दिवशी १४,००० चं कापड आणावं लागतं. तेव्हा वापर ७० टक्क्यांवर जाणारच. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्या आणि ती त्याच आठवड्यात कार्डावर भरा. तेही जमलं नाही तर निदान कर्जाचा अर्ज त्या महिन्यात करू नका. मशीनचं कर्ज लग्नसराई संपल्यावर, बाकी खाली आल्यावर मागा. आणि काहीही झालं तरी कार्डावर भरण्यासाठी सावकाराकडून किंवा दुसऱ्या ॲपवरून पैसे उचलू नका. टक्के कमी दिसतील, पण घरावर नवं कर्ज चढेल.

किती दिवसांत फरक दिसतो? २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थांना सांगितलं आहे की माहिती किमान पंधरा दिवसांतून एकदा कळवा. आधी ती महिन्यातून एकदा जायची. म्हणजे आठवड्याला भरण्याची सवय लावली की एक-दोन महिन्यांत वहीतला आकडा बदललेला दिसायला हवा. थकलेल्या हप्त्याचं तसं नसतं. चुकलेला हप्ता रिपोर्टमध्ये तीन-तीन वर्षं दिसत राहतो. वापराची बाकी मात्र नवी नोंद आली की बदलते. त्यामुळे ज्या ताईचं कारण फक्त युटिलायझेशन आहे, तिची अडचण सगळ्यात लवकर सुटणारी आहे.

पण तुमचं कारण नक्की तेच आहे, हे कसं ओळखायचं? त्यासाठी स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. वर सांगितलेल्या चारही कंपन्यांनी दर वर्षी एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट, प्रत्येक कंपनीकडून एक. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून काढा. मोबाईल नंबर आणि पॅन कार्ड लागतं. पैसे मागणारी पानं मध्ये येतात, ती सोडून फुकट रिपोर्टचा पर्याय शोधा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. हा गैरसमज खूप ठिकाणी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. ज्या बँकेने नाकारलं तिला विचारा, तुम्ही कोणत्या कंपनीचा रिपोर्ट बघितला? मग तोच आधी काढा. नाकारण्याचं मुख्य कारण लेखी सांगणं हे कर्ज देणाऱ्याचं काम आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

रिपोर्ट इंग्रजीत आणि बराच लांब असतो. घाबरू नका. गटातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा आणि प्रत्येक कर्जाच्या चौकटीत चारच गोष्टी बघा.

पहिली, हे कर्ज किंवा कार्ड खरंच माझं आहे का? कधी नावसाधर्म्यामुळे दुसरीचं कर्ज आपल्या नावावर लागतं. आपण कुणाला जामीन राहिलो असू तर ते कर्जही इथे दिसतं, आणि त्याने हप्ता चुकवला तर तोही.

दुसरी, 'करंट बॅलन्स' आणि 'क्रेडिट लिमिट'. कार्डाच्या चौकटीत हे दोन आकडे असतात. बाकीला मर्यादेने भागायचं आणि शंभरने गुणायचं. १७,००० भागिले २०,००० गुणिले १००, आले ८५. तुमचे टक्के तुम्हीच काढलेत. मर्यादेची जागा रिकामी असेल किंवा आकडा जुना, कमी असेल, तर ती बँकेची चूक आहे. मर्यादा वाढून ४०,००० झाली आणि रिपोर्टमध्ये अजून २०,००० च दिसते, तर तुमचा वापर उगाच दुप्पट दिसतो.

तिसरी, तारीख. 'डेट रिपोर्टेड' असं लिहिलेलं असतं. फोटो कोणत्या तारखेचा, ते यावरून कळतं. तुम्ही मागच्या आठवड्यात सगळं भरलंत आणि तारीख त्याच्या आधीची आहे, तर थांबा. पुढच्या नोंदीत बदल दिसेल.

चौथी, महिन्यांची पट्टी. प्रत्येक महिन्याखाली एक आकडा असतो, हप्ता किती दिवस उशिरा आला ते सांगणारा. तीन शून्यं असतील तर उशीर नाही. ३०, ६०, ९० च्या आसपासचे आकडे असतील तर तितके दिवस थकलं होतं. इथे आकडे दिसले तर तुमचं मूळ कारण युटिलायझेशन नाही, थकबाकी आहे. त्याचा उपाय वेगळा : आधी थकलेलं भरा, मग पुढचे हप्ते वेळेवर. एखाद्या कर्जापुढे 'सेटल्ड' असं लिहिलं असेल तर समजा की तडजोड करून कमी पैशांत ते मिटवलं होतं. पूर्ण फेडलेल्याला 'क्लोज्ड' म्हणतात. बँका या दोन शब्दांत मोठा फरक करतात.

चूक सापडली तर त्याच कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार नोंदवता येते. पैसे लागत नाहीत. बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या ठिकाणी तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा फुकट नंबर आहे.

आता काही गोष्टी ज्या लोक घाईत करतात आणि अडचण वाढवतात.

पहिली, रागाने कार्ड बंद करणं. समजा त्याच ताईकडे दुसरं एक कार्ड आहे, १०,००० मर्यादेचं, जे ती वापरत नाही. दोन्ही मिळून मर्यादा ३०,०००, बाकी १७,०००, म्हणजे एकूण वापर ५७ टक्के. "नको ते कार्ड" म्हणून तिने न वापरलेलं बंद केलं, तर मर्यादा उरली २०,००० आणि वापर पुन्हा ८५. वर्षाची फी लागत नसेल तर असं कार्ड राहू द्या. फी लागत असेल तर कर्ज मंजूर झाल्यावर बंद करा.

दुसरी, मर्यादा वाढवून घेणं. २०,००० ची ४०,००० झाली तर १७,००० चा वापर साडेबेचाळीस टक्क्यांवर येतो, हे खरं. पण ज्या घरात मर्यादा वाढली की खर्चही वाढतो, तिथे हा उपाय करू नका. आणि ठेवीवरचं कार्ड असेल तर मर्यादा ठेवीच्या रकमेवर ठरते, जादा ठेव ठेवल्याशिवाय ती सहसा वाढत नाही.

तिसरी, एका बँकेने नाही म्हटलं म्हणून आठ दिवसांत पाच ठिकाणी अर्ज करणं. प्रत्येक अर्जाच्या वेळी ती संस्था तुमची वही उघडते आणि तशी नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की पुढच्याला वाटतं, ही ताई पैशासाठी दारोदार फिरते आहे. आधी बाकी खाली आणा, रिपोर्टमध्ये बदल दिसू द्या, मग एकाच ठिकाणी अर्ज करा.

चौथी, 'मिनिमम ड्यू' भरून समाधान मानणं. बिलावर ही छोटी रक्कम लिहिलेली असते. तेवढी भरली तर हप्ता थकला अशी नोंद होत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. गटात आपण महिन्याला एक-दोन टक्क्यांनी देतो घेतो, त्याच्याशी तुलना करा. शिवाय बाकी उतरत नाही, म्हणजे युटिलायझेशनही तसंच. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून लागतं, तेही करू नका.

आणि पाचवी, स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागणं. कर्ज नाकारल्यानंतर काही जणींना असे फोन येतात. पैसे मागतात, पॅन आणि आधारचे फोटो मागतात, ओटीपी विचारतात. वहीतली खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. मग त्याला पैसे कशाचे द्यायचे? नाकारल्याच्या मेसेजमध्ये लिंक असेल तर तीही उघडू नका, शाखेत जाऊन विचारा. आणि तुम्ही अर्जच केला नसताना असा मेसेज आला तर दुर्लक्ष करू नका. रिपोर्ट काढा आणि 'एन्क्वायरी' या भागात बघा. तुमच्या नावाने कुणी अर्ज केला असेल तर तिथे त्या संस्थेचं नाव आणि तारीख सापडेल. लगेच त्या संस्थेला लेखी कळवा आणि पोलिसांतही तक्रार द्या.

एक मर्यादाही सांगायला हवी. युटिलायझेशन खाली आलं आणि स्कोअर चढला, म्हणजे कर्ज मिळालंच असं नाही. बँक उत्पन्न बघते, आधीचे हप्ते किती जातात ते बघते. मायक्रोफायनान्सच्या कर्जात तर नियमच आहे की घरातल्या सगळ्यांच्या कर्जाचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्यामुळे शिवणकामवाल्या ताईने पुन्हा अर्ज करताना कोणत्या महिन्यात किती ब्लाउज, किती गणवेश, किती पैसे आले, ही वहीही सोबत न्यावी. कार्डावरचा खर्च धंद्याच्या मालाचा आहे हे कापड दुकानाच्या पावत्यांवरून दिसतं. आकड्याला ते कळत नाही, पण समोर बसलेल्या अधिकाऱ्याला कळू शकतं.

पुढच्या बैठकीत गटात एवढं करून बघा. जिच्याकडे क्रेडिट कार्ड आहे तिने तीन गोष्टी वहीत लिहून आणाव्यात : कार्डाची मर्यादा, बिलाची तारीख आणि आजची बाकी. मग सगळ्यांनी मिळून टक्के काढा. ज्यांचे टक्के तीसच्या वर येतील त्यांनी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भरणा करायचं ठरवावं, आणि दोन महिन्यांनी तेच टक्के पुन्हा काढावेत. गटाच्या हिशोबाची वही तुम्ही इतकी वर्षं लिहिता आहात. हा हिशोब त्याहून सोपा आहे.